अडले कुठे, हे आधी पाहा

बद्धकोष्ठतेची तक्रार घरात निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस झाले? तीन म्हटले तर एरंडेलाची बाटली शोधली जाते, पाच म्हटले की कोणीतरी औषधाच्या दुकानातून एनिमा घेऊन येते. ग्लिसरीनची सपोझिटरी किंवा एनिमा वापरायचा की नाही, हे असे दिवस मोजून ठरवणेच मला चुकीचे वाटते. दिवसातून तीनदा शौचाला जाणारा माणूस निरोगी असू शकतो आणि तीन दिवसांतून एकदा जाणाराही. खरे तर दोनच गोष्टी पाहायच्या असतात. मळ नेमका कुठे अडला आहे ही एक, आणि ज्याला हा उपाय करायचा त्याचे शरीर तो सोसेल का ही दुसरी. सपोझिटरीचा उपयोग होईल की नाही ते पहिलीवरून कळते. एनिमाच्या बाटलीला हात लावायचा की नाही ते दुसरीवरून.

एक घर डोळ्यांपुढे आणू. 78 वर्षांच्या आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, उजव्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून सांधा बदलला आणि काही दिवसांनी त्या घरी आल्या. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल आहे, सूज कमी करणारी एक गोळी आहे, रक्त वाढावे म्हणून लोह आहे, हाडांसाठी कॅल्शियम आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली जुनीच गोळी चालू आहे. चालणे पलंगापासून कमोड खुर्चीपर्यंत. रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलेली नाही. पाच दिवस शौचाला झालेले नाही. शेजारच्यांच्या सल्ल्याने रात्री इसबगोल सुरू झाले आहे, अर्ध्या कप पाण्यात.

अशा वेळी सुनेने विचारलेला एक प्रश्न सगळ्या मोजणीपेक्षा मोलाचा ठरतो. “आई, पोट दुखतंय का, की खालीच जड वाटतंय?” आजी म्हणतात, “पोट नाही गं. खाली दाराशी येऊन बसल्यासारखं वाटतंय. जोर लावते, पण येत नाही.”

यात निम्मे निदान आले. मोठ्या आतड्यातून पुढे सरकलेला मळ शेवटी गुदाशयात येतो. गुदाशय ताणला गेला की मेंदूला जाणीव पोचते आणि शौचाला जावेसे वाटते. ती हाक पुन्हा पुन्हा टाळली, किंवा उठताच येत नसल्यामुळे टाळावी लागली, की मळ तिथेच पडून राहतो. त्यातले पाणी आतडे शोषत राहते आणि मऊ मळाचा खडा होतो. हा खडा दाराशी असतो. तोंडाने दिलेल्या औषधाने त्याच्या मागचा मळ सैल होईल, पण पुढचा खडा आहे तसाच राहील. इथे मात्र खालून दिलेले औषध थेट उपयोगी पडते.

ग्लिसरीनची सपोझिटरी ही बोटाच्या टोकाएवढी, मेणासारखी दिसणारी कांडी. मोठ्यांसाठीची साधारण दोन ते तीन ग्रॅमची असते, मुलांची सुमारे एक ग्रॅमची. गुदाशयाच्या उबेत आणि ओलाव्यात ती विरघळते. ग्लिसरीन स्वतःकडे पाणी ओढून घेते, त्यामुळे मळाचा बाहेरचा थर ओला आणि बुळबुळीत होतो. त्याच वेळी गुदाशयाच्या अस्तराला ते किंचित चुरचुरते, आणि तेवढ्या इशाऱ्याने गुदाशय आकुंचन पावू लागतो. हे सारे पंधरा मिनिटांपासून तासाभरात घडते. रक्तात जवळजवळ काही जात नाही. म्हणूनच ती वृद्धांनाही सहसा निर्धोक असते, आणि म्हणूनच तिची मर्यादाही ठरलेली आहे. जिथे ती ठेवली त्या भागापलीकडे ती काही करत नाही. मळ वर, मोठ्या आतड्याच्या वळणांत असेल, गुदाशय रिकामा असेल, तर कांडी विरघळून चमचाभर चिकट पाणी बाहेर येईल आणि माणूस म्हणेल, हिचा काही उपयोग नाही. औषध बरोबर होते, फक्त मळ तिच्या आवाक्यात नव्हता.

मग मळ खाली आहे हे घरच्या माणसाने कसे ओळखायचे? खाली जडपणा, पुन्हा पुन्हा हाजत लागणे, जोर लावल्यावर काहीतरी दाराशी येऊन परत जाणे, शेळीच्या लेंड्यांसारखे एकदोन खडे पडणे, या खुणा खालच्या अडथळ्याच्या आहेत. हाजतच लागत नाही, नुसते पोट भरल्यासारखे वाटते, तर अडथळा बहुधा वर आहे. तिथे तोंडाने घ्यायचे औषध हवे. खात्रीची परीक्षा एकच, डॉक्टरांनी बोट घालून तपासणे. या तपासणीचा आपल्याकडे रुग्णालाही संकोच वाटतो आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी टाळल्यामुळे किती म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर चुकीची औषधे दिली जातात, याचा विचार केला की मला वाईट वाटते.

सर्वांत फसवी अवस्था याच्याही पुढची. खडा मोठा होऊन गुदाशय गच्च भरला की मागचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत बाहेर येतो. कपडे खराब होतात, दिवसातून चारपाच वेळा थोडे थोडे पातळ होते. घरचे म्हणतात, आता जुलाब लागले. मग जुलाब थांबवायची गोळी दिली जाते आणि आतला बंध आणखी घट्ट होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही दिवस शौचाला झालेले नसताना एकाएकी पातळ गळू लागले, तर तो जुलाब नसून अडथळा असू शकतो, असाच संशय आधी घ्यावा. तिथे गोळीही नको आणि घरगुती एनिमाही नको. आधी तपासणी हवी.

आणि काही प्रसंगी खालून कोणतेच औषध घालायचे नसते. पोटात कळा येताहेत, पोट फुगून टणक झाले आहे, उलट्या होताहेत, वायूदेखील सरत नाही, तर आतडे कुठेतरी बंद पडले असण्याची शक्यता असते. ताप आणि पोटदुखी एकत्र, शौचातून रक्त, गुदद्वाराची किंवा आतड्याची नुकती शस्त्रक्रिया, केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या, यांपैकी काहीही असेल तर सपोझिटरीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तरी आधी विचारावे, कारण तिथला छोटासा ओरखडाही वाहत राहतो.

आजींच्या बाबतीत यातले काही नाही. पोट मऊ आहे, वायू सरतो, उलटी नाही, तक्रार खालचीच आहे. तेव्हा ग्लिसरीनची एक कांडी हा योग्य पहिला उपाय. आता ती घालायची कशी ते जरा सावकाश सांगतो, कारण अपयश बहुतेक वेळा इथेच येते.

वेळ सकाळची, चहा-नाश्त्यानंतरची. पोटात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हलू लागते, आणि सकाळी ही हालचाल सर्वांत जोरकस असते. कांडीला ती साथ मिळू द्यावी. रात्री झोपताना मुळीच घालू नये. अंधारात घाईने उठून कमोडकडे जाताना दुसरा खुबा मोडायला वेळ लागत नाही. घालण्यापूर्वी लघवी करून घ्यावी, कमोड खुर्ची पलंगाला लावून ठेवावी, तिची चाके असतील तर ती अडकवावीत, खाली मेणकापड अंथरावे.

डाव्या कुशीवर झोपवून गुडघे पोटाकडे घ्यायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. आजींसाठी ती जशीच्या तशी चालणार नाही. बदललेल्या सांध्याचा पाय काटकोनापेक्षा जास्त दुमडला किंवा दुसऱ्या पायावर ओलांडून आत वळला तर सांधा निखळण्याचा धोका असतो. त्यांचा उजवा खुबा बदलला आहे, म्हणून डाव्या कुशीवर वळवताना दोन्ही पायांमध्ये जाड उशी ठेवायची आणि उजवा गुडघा थोडासाच वाकवायचा. डावा खुबा बदललेला असता तर त्या कुशीवर वळवण्याआधी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना विचारावे लागले असते. शौचाला बसताना पायांखाली पाट घ्या, हा एरवी उत्तम असलेला सल्लाही आजींना लागू नाही, कारण त्याने गुडघे खुब्याच्या वर येतात.

हातमोजा घालायचा. कांडीवरचे प्लास्टिकचे किंवा चांदीचे आवरण पूर्ण काढायचे. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण आवरणासकट घातलेल्या कांड्या डॉक्टरांना काढाव्या लागतात. कांडी पाण्यात बुडवून ओली करायची. व्हॅसलीन किंवा तेल लावू नये, कारण त्या थरामुळे ती विरघळायला उशीर होतो. आजींना तोंडाने सावकाश श्वास सोडायला सांगायचे, श्वास सोडताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो, आणि त्या क्षणी कांडी हलकेच आत सरकवायची. साधारण एक इंच, म्हणजे बोटाला तो घट्ट स्नायू ओलांडल्याचे जाणवेपर्यंत. स्नायूच्या अलीकडे राहिली तर ती लगेच बाहेर येते. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. बोटाला समोर मळ लागला तर कांडी त्या मळात खुपसू नये. ती बाजूला, गुदाशयाच्या भिंतीला टेकवून ठेवावी. मळात रुतलेली कांडी नीट विरघळत नाही आणि भिंतीला इशाराही मिळत नाही.

नंतर पंधरा-वीस मिनिटे पडून राहायचे. पहिल्या दोन मिनिटांतच हाजत आल्यासारखी वाटते, ती कांडीच्या स्पर्शाची असते, तेव्हा लगेच उठायचे नाही. खरी हाजत त्यानंतर येते. कमोडवर बसवल्यावर कोणीतरी जवळ थांबावे. जोर लावताना वृद्धांचा रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. रक्तदाबाच्या दोन औषधांवर असलेल्या, कमी पाणी पिणाऱ्या माणसाला तर ती सहज येऊ शकते. दार लोटून घ्यावे, पण आवाजाच्या अंतरावर राहावे. मान राखायचा आणि सुरक्षितताही, तर एवढेच अंतर योग्य.

कांड्या उन्हाळ्यात मऊ पडतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात त्या कपाटात ठेवल्या तर आवरणातच पसरतात. डबा फ्रिजमध्ये ठेवावा. मऊ झालेली कांडी आवरणासकट थोडा वेळ गार पाण्यात धरली की पुन्हा घट्ट होते.

एका कांडीने काम झाले तर प्रश्न मिटला. तासाभरात काहीच झाले नाही तर लगेच दुसरी, तिसरी घालत बसू नये. दिवसाला एक पुरे. इथेच घरातली धीर सुटलेली माणसे दुकानाकडे वळतात आणि तयार एनिमाची बाटली आणतात. माझा खरा आक्षेप या टप्प्यावर आहे. सपोझिटरीनंतरची पुढची पायरी म्हणजे एनिमा, असे सर्वांना वाटते. दोन्ही खालूनच द्यायचे, म्हणून दोन्ही सारखेच निरुपद्रवी, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

दुकानात सहज मिळणाऱ्या, लांब नळीच्या त्या प्लास्टिकच्या बाटलीत बहुधा सोडियम फॉस्फेटचे तीव्र द्रावण असते, 100 मिलिलिटरच्या आसपास. क्षार इतका दाट असतो की आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढले जाते, गुदाशय फुगतो आणि काही मिनिटांत सगळे बाहेर येते. निरोगी तरुण माणसात औषध पाच-दहा मिनिटांत बाहेर पडून जाते, म्हणून काही होत नाही. पण ते बाहेर आलेच नाही तर? आतडे सुस्त असेल, खडा वाट अडवून बसला असेल, तर द्रावण आत राहते आणि फॉस्फेट रक्तात शिरू लागते. ते बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडाचे. मूत्रपिंड थकलेले असेल तर फॉस्फेट साचते, रक्तातल्या कॅल्शियमला पकडते आणि कॅल्शियम घसरते. स्नायूंना पेटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. इकडे पाणी आतड्यात ओढले गेल्याने रक्तदाब उतरतो, आणि आधीच थकलेले मूत्रपिंड आणखी बसते. एका बाटलीनेही हे घडू शकते.

अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, जानेवारी 2014 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. चोवीस तासांत एकाहून जास्त मात्रा नको, दोन वर्षांखालच्या मुलांना हा एनिमा मुळीच नको, आणि काही लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊच नये: 55 वर्षांवरील, शरीरातले पाणी कमी झालेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आतड्यात अडथळा किंवा सूज असलेले, आणि मूत्रपिंडावर परिणाम करणारी औषधे घेणारे. त्या औषधांत लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, टेल्मिसार्टनच्या गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सूज-वेदनेच्या गोळ्या येतात.

आता आजींच्या गोळ्यांचा डबा पुन्हा उघडून पाहा. वय 78, पाणी कमी, लघवी वाढवणारे औषध, टेल्मिसार्टन, सूज कमी करणारी गोळी. इशाऱ्यातल्या इतक्या अटी एकाच माणसात जमल्या आहेत, आणि ती बाटली मात्र चिठ्ठीशिवाय मिळते. माझ्या मते दुकानदाराने ती देण्यापूर्वी वय आणि मूत्रपिंड या दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. तो विचारत नसेल तर घेणाऱ्याने स्वतःला विचारावे.

ज्याला हा एनिमा चालतो अशा माणसासाठीही दोन पथ्ये आहेत. नळीच्या टोकाला वंगण लावून ती बेंबीच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने सरकवायची. अडली तर जोर न करता थोडी मागे घ्यायची, आणि तरीही अडली तर थांबायचे. गुदाशयाची भिंत पातळ असते, आणि नळीने ती फाटली तर जीव धोक्यात येतो. एनिमानंतर पोटात किंवा खाली तीव्र वेदना, रक्त किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुसरे पथ्य घड्याळाचे. अर्ध्या तासात द्रव बाहेर आला नाही तर आतले बाहेर काढायला म्हणून दुसरी बाटली कधीही देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. या दुसऱ्या बाटलीने अनर्थ होऊ शकतो.

घरी साबणाचे पाणी करून देण्याची जुनी पद्धत तर सोडूनच द्यावी. साबणाने आतड्याच्या अस्तराला भाजल्यासारखी इजा होते. नुसते पाणी मोठ्या प्रमाणात, पुन्हा पुन्हा दिले तर ते शोषले जाऊन रक्तातले सोडियम घसरते, आणि वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. कॉफीचे एनिमा, “शरीर शुद्धी”चे साप्ताहिक एनिमा यांचा बद्धकोष्ठतेशीही संबंध नाही आणि शुद्धीशीही. आयुर्वेदातला बस्ती हा वैद्याच्या देखरेखीखाली, प्रकृती पाहून करायचा उपचार आहे. त्याचे नाव घेऊन घरी पिचकारी चालवणे हा आयुर्वेदही नव्हे.

मग सपोझिटरीने आजींचे काम झाले नाही तर? दुसऱ्या दिवशी सकाळी बिसाकोडिलची सपोझिटरी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारावे. ती आतड्याच्या नसांना चेतवते, ग्लिसरीनपेक्षा जोरकस असते. तपासणीत खडा मोठा आणि दगडासारखा निघाला तर तेलाचा एनिमा देऊन तो मऊ करतात आणि बोटाने मोकळा करतात. हे काम दवाखान्यात किंवा घरी येणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेकडून करून घ्यायचे. सुनेने ते करू नये.

“सपोझिटरीची सवय लागते” हा आक्षेप नेहमी येतो. चारदोनदा वापरलेल्या ग्लिसरीनने आतडे आळशी होते, असे मला वाटत नाही. प्रवासानंतर, आजारपणानंतर, शस्त्रक्रियेनंतर अधूनमधून एखादी कांडी लागणे यात वावगे काहीच नाही, आणि सवयीच्या भीतीने आठवडाभर कुंथत बसणे अधिक हानिकारक आहे. मूळव्याध, गुदद्वाराची चीर आणि म्हाताऱ्यांतली चक्कर ही त्या कुंथण्याची फळे आहेत. पण आक्षेपामागे एक खरी गोष्ट आहे. आठवडाभर रोज कांडी लागत असेल, तर वर कुठेतरी कारण चालू आहे आणि आपण फक्त दारापाशी झाडतो आहोत. पाठीच्या कण्याच्या दुखापतीसारख्या आजारांत डॉक्टर नियमित सपोझिटरी ठरवून देतात, ती गोष्ट वेगळी.

आजींच्या घरी ते कारण डब्यातच आहे. ट्रॅमाडॉलने आतड्याची हालचाल मंदावते, लोह मळ घट्ट करते, कॅल्शियम त्यात भर घालते. ट्रॅमाडॉल मनाने बंद करू नये. पण ते सुरू होते त्याच दिवशी सोबत लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आणि गरजेप्रमाणे सोनामुखी किंवा बिसाकोडिलची गोळी लिहून द्यायला हवी होती. लॅक्ट्युलोजला परिणाम दाखवायला दोन दिवस लागतात, बिसाकोडिलच्या गोळीला एक रात्र. म्हणून आजची अडचण कांडीने सोडवायची आणि पुढच्या आठवड्याची तोंडाच्या औषधाने, हे दोन्ही एकाच दिवशी सुरू करायचे. इसबगोल मात्र आजींचे ताबडतोब थांबवावे. ते पाणी शोषून फुगते. भरपूर पाणी पिणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसाला ते चांगले. ट्रॅमाडॉलने सुस्तावलेल्या आतड्यात, अर्ध्या कप पाण्यासोबत, त्याचाच गोळा होतो. आणि पाण्याबद्दल आजींशी मोकळेपणाने बोलावे. रात्री उठवायला कोणी आहे हा भरवसा मिळाला की त्या संध्याकाळचा पेलाही घेतील. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल तर दिवसभरात तो त्यांना हवाच आहे.

तान्ह्या बाळांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण घराघरांत अजूनही विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची काडी करून बाळाला लावतात. अंगावर पिणारे बाळ आठवडाभर शौच करत नाही आणि तरीही मळ मऊ असतो, बाळ दूध पिते, वजन वाढते, तर तिथे बद्धकोष्ठता नसतेच. देठाने किंवा साबणाने नाजूक अस्तर मात्र सोलवटते. जन्मानंतर पहिल्या 48 तासांत शौचच झाले नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर त्याच घटकेला बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवे. मुलांची एक ग्रॅमची कांडीही वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांनी सांगितल्याखेरीज नको, आणि फॉस्फेटचा एनिमा तर घरी कधीच नको.